माणसांची उलाढाल

आपल्या व्यापारात ‘उलाढाल’ हा शब्द मोठा शुभ मानला जातो. कोणाची उलाढाल वाढली असे ऐकले की आपण त्याचे अभिनंदन करतो. परंतु ज्या पेढीत मालाऐवजी माणसांचीच उलाढाल वाढते, म्हणजे आज ठेवलेला हमाल उद्या जातो, परवा दुसरा येतो आणि तोही महिनाअखेर दिसेनासा होतो, त्या पेढीचे अभिनंदन करावयाचे की समाचारास जावयाचे, हा विचार आपण क्वचितच करतो. अर्थशास्त्रज्ञ यालाच कामगार-उलाढाल म्हणतात. कामगार जाणे, त्याच्या जागी दुसरा शोधणे आणि त्याला शिकवून तयार करणे, या तिन्ही गोष्टींना खर्च लागतो. पण हा खर्च आपल्या खतावणीत कोणत्याही एका खात्यावर पडत नाही. म्हणूनच तो आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात तो आला तो स्वतःच्या चुकीमुळे. ती चूक आणि तिचा हिशेब व्यापारीबंधूंपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. धान्याच्या घाऊक व्यापारात आयुष्य गेले. अर्थशास्त्राचे शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे नाही. तेव्हा जे सांगावयाचे ते चोपडीच्या भाषेतच सांगतो.

सिल्वासातील माणसांचा बाजार

१९५४ साली दादरा व नगर हवेली पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाली, त्या वेळी येथे कारखाना नव्हता. वारली, कोकणा, धोडिया हे येथील मूळचे रहिवासी भात आणि नागली पिकवीत आणि गरजेपुरते मजुरीस येत. १९६५ साली पिपरिया येथे सहकारी तत्त्वावर औद्योगिक वसाहत निघाली. पुढे मसाट व खडोली येथेही वसाहती झाल्या, आणि करसवलतींमुळे कृत्रिम धाग्याचे व प्लॅस्टिकचे कारखाने मोठ्या संख्येने येथे आले. त्यांच्या मागोमाग उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथील माणसे वापी स्थानकावर उतरून इकडे येऊ लागली.

याचा परिणाम असा झाला की धान्याच्या गोदामातील हमालास रस्ता ओलांडताच दुसरे काम मिळू लागले. मालक मात्र जुन्याच समजुतीत राहिला. ‘एक गेला तर दहा येतील’ हे वाक्य आपल्या बाजारात प्रत्येकाने म्हटलेले आहे. मीही म्हटलेले आहे. दहा येतात हे खरे. पण ते फुकट येत नाहीत, हे मात्र कोणी सांगत नाही.

प्रमाण कसे मोजावे

मोजणीची रीत सोपी आहे. वर्षभरात जितकी माणसे सोडून गेली, त्या संख्येस वर्षातील सरासरी पटसंख्येने भागावे आणि शंभराने गुणावे. मात्र सरासरी काढताना एक दक्षता घ्यावी लागते. वर्षारंभीचा व वर्षअखेरचा पट घेऊन त्याचे अर्धे करणे ही आळशाची रीत होय. माझ्या हजेरीपटावर २०२३–२४ च्या आरंभी सोळा माणसे होती आणि अखेरीसही सोळाच. या दोन आकड्यांवरून मधल्या काळात काही घडलेच नाही असे वाटेल. प्रत्येक महिन्याच्या अखेरचा पट मांडून बाराने भागले तेव्हा सरासरी पंधराच भरली. म्हणजे वर्षभर सरासरी एक जागा रिकामीच होती. त्या वर्षी चौदा माणसे गेली. चौदास पंधराने भागून प्रमाण आले सुमारे ९३ टक्के.

हा आकडा पाहून मी प्रथम असे समजलो की माझे जवळजवळ सारे गोदाम वर्षभरात बदलले. ते खरे नव्हते. चौदांपैकी बारा हमाल होते. हमालांच्या दहा जागा. सरासरी पट नऊ. म्हणजे हमालांचे प्रमाण १३३ टक्के. उरलेल्या सहा जागांत मुनीम, गोदाम-कारकून, दोन टेंपोचालक आणि दोन मापाडी. त्यांतून दोघे गेले, म्हणजे ३३ टक्के. पुढे हमालांची नावे एकेक करून तपासली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. दहांपैकी सहा हमाल वर्षभर हलले नव्हते. बाराही जाणी उरलेल्या चार जागांवरचीच होती. प्रत्येक जागा तीन-तीन वेळा रिकामी झाली होती. आणि त्या बारांपैकी सात जण महिना पुरा होण्याच्या आतच गेले होते.

टक्केवारी एकटी पाहू नये, तिच्याबरोबर ‘वर्षभर किती टिकले’ आणि ‘गेलेले किती दिवसांनी गेले’ हे दोन प्रश्नही विचारावेत, असे मी म्हणतो ते याचसाठी. मडक्याला गळती असेल तर किती पाणी गेले एवढेच मोजून भागत नाही. भोक कोठे आहे ते पाहावे लागते.

मापाड्याचा हिशेब

आता मुख्य प्रकरण. माझ्याकडे एक मापाडी अकरा वर्षे होता. त्याचे काम केवळ काट्यावर वजन करणे नव्हते. आलेल्या ट्रकमधील पोत्यांतून परखीने नमुना काढणे, दाणा दाताखाली धरून ओल ओळखणे, जुना व नवा तांदूळ निराळ्या थप्पीस लावणे, बारदानाचे वजन वजा करून निव्वळ भरणा लिहिणे, हे सारे तो करी. पगार महिना १८,००० रुपये. एके दिवशी त्याने दीड हजाराची वाढ मागितली. एका कारखान्यात धाग्याच्या वजनकाट्यावर त्याला तेवढे मिळत होते. मी नाही म्हटले. पंधरा दिवसांची सूचना देऊन तो गेला.

त्यानंतर काय काय खर्च झाला तो क्रमाने लिहितो. पहिला विभाग माणूस जाण्याचा. अकरा वर्षांची ग्रॅच्युइटी, म्हणजे पगारास पंधराने गुणून सव्वीसाने भागून आलेल्या रकमेची अकरापट, सुमारे १,१४,००० रुपये झाली. ही रक्कम मोठी असल्याने ‘गेला तो लाख रुपये घेऊन गेला’ असे मी दोन-चार ठिकाणी बोललो. पण मुनीमजींनी माझी चूक दाखविली. ती त्याच्या जाण्याचा खर्च नव्हे. अकरा वर्षे दरसाल साचत आलेले ते आपले देणे होय. तो आणखी दहा वर्षे राहता तरी ते द्यावेच लागले असते. दरवर्षी तरतूद केली नाही हा दोष माझा. म्हणून ती रक्कम या हिशेबात धरलेली नाही. धरले ते एवढेच, की हजेरी, रजा व देणी यांचा अखेरचा हिशेब करण्यास मुनीमजींचे दोन दिवस गेले : २,००० रुपये.

दुसरा विभाग रिकाम्या जागेचा. जागा रिकामी असली की पगार वाचतो असे आपण मानतो, आणि ते खरेही आहे. चोवीस दिवस जागा रिकामी होती. त्याचा पगार सुमारे १६,६०० रुपये वाचला. पण दुसऱ्या मापाड्यास रोज दोन तास अधिक काम पडले. त्याची दुप्पट दराने मजुरी सुमारे ७,९०० रुपये झाली. वजनास उशीर झाल्यामुळे सहा ट्रक दुसऱ्या दिवसापर्यंत अडकले. प्रत्येकी दीड हजाराप्रमाणे ९,००० रुपये भरावे लागले. बेरीज १६,९००. म्हणजे वाचले तेवढे गेले, वर तीनशे रुपये अधिक. रिकाम्या जागेत नफा आहे हा भ्रम मी तेव्हापासून सोडला.

तिसरा विभाग नव्या माणसाच्या शोधाचा. मुकादमाची दस्तुरी ३,००० रुपये, चार उमेदवारांस एकेक दिवस काट्यावर उभे करून पाहिले त्याची मजुरी २,४००, कागदपत्रांस ६०० : एकूण ६,०००. त्यातून निवडलेला माणूस एकोणीस दिवसांनी गेला. पुन्हा शोध, पुन्हा दस्तुरी : ४,५०० रुपये. शोधाची बेरीज १०,५००. शिवाय त्या एकोणीस दिवसांत ११,४०० रुपये मजुरी दिली आणि काम निम्मेच झाले. त्यातील ५,७०० रुपये वाया गेले असे धरणे भाग आहे. माझ्या स्वतःच्या ज्या सकाळी यात गेल्या त्यांची किंमत मी धरलेली नाही.

चौथा विभाग शिकवणीचा, आणि सर्वांत मोठा तोच. दुसरा आलेला माणूस हुशार होता, पगार १६,०००. पहिल्या महिन्यात त्याच्याकडून एक-तृतीयांश काम झाले, दुसऱ्यात निम्मे, तिसऱ्यात पाऊण. पगार मात्र तिन्ही महिने पुरा. न झालेल्या कामाची किंमत सुमारे २२,७०० रुपये होते. जुना मापाडी त्याला पन्नास दिवस रोज तासभर शिकवीत होता. त्याचा वेळ ४,१०० रुपयांचा.

पाचवा विभाग चुकांचा. बारदानाचे वजन वजा करावयाचे असते हे त्याला सांगितले होते. पण एका दिवशी दोनशे पोती हरभऱ्याचे ठोक वजनच त्याने निव्वळ म्हणून लिहिले. तागाचे पोते सुमारे सहाशे ग्रॅमचे. दोनशे पोत्यांस १२० किलो. साठ रुपयांच्या भावाने ७,२०० रुपये पाठविणाऱ्यास जादा गेले. पट्टी चुकती झाल्यावर चूक सापडली. दुसरी चूक तांदळाची. चाळीस क्विंटल जुना कोलम नव्याच्या थप्पीत मिसळला आणि क्विंटलमागे दोनशे रुपये उतरून विकावा लागला : ८,००० रुपये. चुकांची बेरीज १५,२००.

सर्व विभागांची बेरीज ६०,५०० रुपये येते. यांपैकी माझ्या खतावणीत स्पष्ट दिसले ते शोधाचे १०,५०० रुपये तेवढे. तेही ‘किरकोळ खर्च’ या सदराखाली. बाकीचे सारे हमाली, ट्रकभाडे, घट आणि पगार यांच्या पोटात लपून बसले होते. मालात एकाएकी घट वाढली की आपण उंदीर आणि ओल यांना दोष देतो. त्या महिन्यात काट्यावर नवा माणूस होता काय, हेही विचारावे.

जमेची बाजू

हिशेब एकतर्फी असू नये. नव्या माणसाचा पगार कमी होता, तोही वाचला. मात्र काम शिकून तयार झाल्यावर, आठ महिन्यांनी, त्यानेही १८,००० मागितले आणि या वेळी मी दिले. म्हणजे पहिल्या वर्षी त्याला आठ महिने सोळा व चार महिने अठरा हजारांप्रमाणे २,००,००० रुपये पडले. जुन्या माणसास वाढ देऊन ठेवले असते तर २,३४,००० पडले असते. चौतीस हजार वाचले. ६०,५०० मधून ते वजा जाता पहिल्या वर्षाअखेर माझा निव्वळ तोटा २६,५०० रुपये.

पुढे नव्या माणसामागे दरमहा दीड हजार वाचत राहतील. त्या हिशेबाने २६,५०० फिटण्यास आणखी अठरा महिने लागतात. म्हणजे माझ्या एका नकाराची किंमत वसूल होण्यास एकंदर अडीच वर्षे. तीही नवा माणूस तोपर्यंत टिकला आणि त्याने पुन्हा वाढ मागितली नाही तरच. कोणी असे समजू नये की प्रत्येक मागणी मान्य करणेच स्वस्त पडते. मागणी पाच हजारांची असती तर हिशेब निराळा आला असता. माझे म्हणणे इतकेच, की ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्यापूर्वी हा हिशेब मांडावयास हवा होता. तो मी माणूस गेल्यानंतर मांडला.

हमालांची गळती

हमालाचा हिशेब लहान असतो. मुकादमाची दस्तुरी ८००, वसूल न झालेली उचल सरासरी १,५००, पहिल्या बारा दिवसांत एक-तृतीयांश काम कमी म्हणून २,४००, आणि हुकाने फाटलेली पोती व सांडलेला माल ३०० : एकूण ५,००० रुपये. बारा हमालांचे साठ हजार. म्हणजे वर्षभरात बारा हमाल गेल्याने जितके नुकसान झाले, जवळजवळ तितकेच एक मापाडी गेल्याने झाले. टक्केवारीत हमाल पुढे आणि रुपयांत दोघे बरोबरीला. केवळ प्रमाणाकडे पाहणारा मालक मापाड्याचा प्रश्न विचारातच घेणार नाही.

तरीही साठ हजार ही लहान रक्कम नव्हे. सात हमाल महिन्याच्या आत का गेले हे मी जुन्या हमालांना विचारले. तीन कारणे पुढे आली.

पहिले कारण ओझ्याचे. काही ठिकाणाहून माझ्याकडे अजून शंभर किलोची पोती येत. नव्या माणसास जुने लोक नेमके त्याच कामावर घालीत, आणि तेही थप्पीच्या वरच्या थरावर चढविण्यास. आठवड्यात त्याची पाठ जाई आणि तो न सांगता निघून जाई. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली आहे. पण आपणांस एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण हा एक आहे. बैलावर अधिक भार घालू नये असे आपल्या घरात लहानपणापासून सांगितले जाते. माणसाच्या पाठीचा विचार मात्र गोदामाच्या दारात थांबतो.

दुसरे कारण मुकादमाचे. त्याला दस्तुरी मिळते ती माणूस आणल्याबद्दल. माणूस टिकल्याबद्दल नव्हे. चार जागा वर्षातून तीन वेळा रिकाम्या झाल्या तर त्याला बारा दस्तुऱ्या मिळतात. त्या टिकल्या असत्या तर एकही नाही. मुंबईच्या कापडगिरण्यांचा अनुभव हाच आहे. तेथे कामगारांची भरती जॉबरच्या हाती असे आणि कामावर लागण्यासाठी व टिकण्यासाठी कामगारांस त्याला पैसे द्यावे लागत. १९३१ च्या शाही श्रम आयोगाने या पद्धतीवर कडक टीका केली. १९३५ पासून गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांस कार्डे देऊन त्यांतूनच रिकाम्या जागा भरण्याची व्यवस्था सुरू केली, ती यासाठीच. ज्याचा लाभ माणसे जाण्यात आहे त्याच्याच हाती माणसे आणण्याचे काम ठेवले, तर ती टिकतील कशी ?

तिसरे कारण शेतीचे. जे हमाल आसपासच्या पाड्यांतील आहेत ते आषाढात भातलावणीसाठी जातात. आम्ही त्यांचे नाव पटावरून कमी करीत असू आणि नवा माणूस घेत असू. महिन्याने तो परत येई तेव्हा जागा भरलेली असे. तो कारखान्यात जाई. आणि नवा माणूस थोड्याच दिवसांत निघून जाई. जो मुळात गेलाच नव्हता, रजेवर होता, त्याला आम्हीच घालविले.

काय केले व काय झाले

२०२४–२५ साली तीन गोष्टी केल्या. पन्नास किलोंपेक्षा मोठी पोती पाठवू नयेत असे पाठविणाऱ्यांस लिहिले. ज्यांनी ऐकले नाही त्यांचा माल गोदामात येताच लहान पोत्यांत भरून घेतला. नव्या माणसास पहिला आठवडा खालच्या थरावरच काम दिले. मुकादमाची दस्तुरी निम्मी माणूस आल्यावर आणि निम्मी नव्वद दिवस टिकल्यावर, असा ठराव केला. मुकादम रुसला, पण आठ दिवसांत परत आला. लावणीसाठी जाणाऱ्यांची जागा पाच आठवडे राखून ठेवली आणि तेवढ्यापुरते बदली हमाल रोजावर घेतले. पहिल्या गोष्टीस बारदान व मजुरी मिळून १४,००० रुपये, आणि शेवटचीस जादा रोजाचे ९,००० रुपये खर्च झाला. एकंदर तेवीस हजार.

त्या वर्षी बाराऐवजी पाच हमाल गेले. सात जाणी टळल्या. प्रत्येकी पाच हजारांप्रमाणे पस्तीस हजार वाचले. निव्वळ लाभ बारा हजार. ही काही मोठी कमाई नव्हे, आणि दहा माणसांच्या एका वर्षावरून सिद्धांत मांडता येत नाही हेही जाणून आहे. त्या पाचांपैकी एक तर मीच काढलेला होता. तो दारू पिऊन थप्पीवर चढे. असा माणूस जाणे हा तोटा नसून लाभ आहे. प्रमाण शून्यावर यावे अशी इच्छा कोणी धरू नये. कोण गेल्याने आपले नुकसान होते आणि ते टाळता आले असते काय, एवढेच पाहावे.

मोठ्या प्रमाणावरील उदाहरण हवे असेल तर अमेरिकेतील फोर्ड मोटार कारखान्याचे आहे. १९१३ साली तेथे सुमारे चौदा हजारांचा पट कायम राखण्यासाठी वर्षात बावन्न हजारांहून अधिक माणसे भरती करावी लागली. उलाढालीचे प्रमाण ३७० टक्के. फिरत्या पट्ट्यावरच्या त्याच त्या कामास माणसे कंटाळून जात. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला आणि रोज पाच डॉलरपर्यंत, म्हणजे पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट, वेतन जाहीर केले. मात्र ते सहा महिने नोकरी झालेल्यांसाठी होते. १९१५ पर्यंत प्रमाण १६ टक्क्यांवर आले. यातील मर्म असे की वाढ सर्वांस पहिल्या दिवशी दिली नाही, टिकणाऱ्यास दिली. फोर्ड हा दानधर्म करीत नव्हता. तो हिशेब करीत होता. अर्थात दुप्पट वेतन आपल्या गोदामास परवडणार नाही. पण टिकण्यास काही मोल असावे, ही कल्पना लहान पेढीसही लागू पडते.

एका घातक उपायाविषयी दोन शब्द लिहितो. माणूस जाऊ नये म्हणून त्याचा शेवटचा पगार अडकवून ठेवण्याची चाल आपल्या बाजारात आहे. वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून तिच्यानुसार काम सोडणाऱ्याची मजुरी दोन कामाच्या दिवसांत चुकती करावयाची असते. कायदा बाजूस ठेवला तरी हा उपाय निरुपयोगीच आहे. ज्याला जावयाचे आहे तो पगार सोडून जातो आणि आपल्या गावच्या दहा माणसांस सांगतो की त्या पेढीवर पैसे अडकतात. मग तुमच्या दस्तुरीचा दर वाढतो. कारण मुकादमालाही तेथे माणूस पाठविणे जड जाते. टाळेबंदीच्या काळात, मे २०२० मध्ये, श्रमिक गाड्यांनी माणसे गावी निघाली तेव्हा याची परीक्षा झाली. धान्याचे दुकान बंद ठेवता येत नव्हते आणि हमाल मिळत नव्हते. ज्यांनी निघताना हिशेब चुकता केला त्यांची माणसे परत आली. ज्यांनी अडकविला त्यांना सारी नवी माणसे शोधावी लागली.

वहीतील एक पान

व्यापारीबंधूंस शेवटी एकच व्यवहारी सूचना करावीशी वाटते. हजेरीपटाच्या शेवटी एक पान राखावे. जो जाईल त्याचे नाव, काम, किती दिवस राहिला, का गेला, आणि त्याच्या जागी माणूस तयार होईपर्यंत काय खर्च झाला, एवढे त्यावर लिहावे. जाण्याचे कारण त्या वेळी विचारले तर माणूस ‘गावी काम आहे’ असे सांगतो. महिना-दोन महिन्यांनी भेटला तर खरे सांगतो. म्हणून ते घर रिकामे ठेवावे आणि मागाहून भरावे.

माझ्या वहीतील मापाड्याच्या नावापुढचे घर मी असेच मागाहून भरले. संवत्सरीनंतर क्षमापनेसाठी मी त्याच्या घरी गेलो होतो. बोलता बोलता मी म्हटले, “दीड हजारांसाठी तू गेलास आणि मी जाऊ दिले. दोघांचेही चुकले.” तो म्हणाला, “शेठजी, दीड हजारांचे मला काही वाटले नाही. तुम्ही मुनीमजींना म्हणालात की एक गेला तर दहा येतील. मी काट्यावरच उभा होतो, ऐकले.”

वाढ नाकारल्याने तो गेला असे मी सहा महिने समजत होतो आणि त्याप्रमाणे हिशेब मांडीत होतो. त्या एका वाक्याची किंमत कोणत्या विभागात लिहावी, हे मुनीमजींनाही सांगता आले नाही.